उतारवयात डोक्याला सुटणारी खाज, विरळ केस आणि सौम्य शाम्पू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत थंडी पडू लागली की आमच्या औषध दुकानाच्या काउंटरवर एक मागणी हमखास येते : "आईच्या डोक्याला खाज सुटलीय, कोंड्याचा एखादा भारी शाम्पू द्या." बाटली देणं सोपं असतं. पण त्यातल्या बऱ्याच जणांना कोंडा नसतोच आणि त्या 'भारी' शाम्पूने खाज आणखी वाढते. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे जिथे डॉक्टरांकडे जायला हवं, तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

नुसता कोरडेपणा आहे की कोंडा, हे घरी कसं ओळखायचं?

दिवसाउजेडी खिडकीपाशी बसवा, खांद्यावर काळं किंवा गडद कापड टाका आणि कोरड्या डोक्यावरून बोथट दातांचा कंगवा हलकेच फिरवा. कोरडेपणा असेल तर कापडावर पांढरी, बारीक भुकटी पडते. ती फुंकरीने उडते. डोक्याची कातडी ताणल्यासारखी वाटते, तिला तुकतुकी नसते, आणि बहुतेक वेळा त्याच माणसाच्या नडग्या आणि हातही कोरडे पडलेले असतात. नडग्यांवर नखाने पांढरी रेघ उमटत असेल तर डोक्यावरही तोच प्रकार असण्याची शक्यता मोठी.

कोंड्याचे पापुद्रे मोठे, किंचित पिवळसर आणि तेलकट असतात. ते केसांच्या मुळाशी चिकटून बसतात, फुंकर मारून उडत नाहीत. शिवाय कोंडा डोक्यापुरता थांबत नाही. भुवयांत, नाकाच्या दोन्ही बाजूंच्या घडीत, कानामागे आणि पुरुषांच्या छातीवर लालसरपणा आणि साल दिसते. आपल्या सावळ्या कातडीवर हा लालसरपणा कधी लाल न दिसता फिकट चट्ट्यांसारखा दिसतो.

एकाच डोक्यावर दोन्ही असू शकतं, हे मात्र फार जणांच्या लक्षात येत नाही. मधोमध केस विरळ झालेले, तिथे कोरडी भुकटी. आणि कानामागे, मानेवर तेलकट पापुद्रे. अशा वेळी सगळ्या डोक्याला एकच उपाय करत बसलं की एक भाग सुधारतो आणि दुसरा बिघडतो. म्हणून तपासताना टाळू, भांग, कानामागचा भाग आणि मान वेगवेगळी बघा. नातवंडं शाळेत जाणारी असतील तर कानामागे लिखाही बघा. उवा वय बघत नाहीत. लीख केसाला चिकटलेली असते आणि झटकून निघत नाही, हा तिचा आणि कोंड्याचा फरक.

केस विरळ झाल्यावर खाज वाढली, असं आण्णा म्हणतात. हा त्यांचा भास आहे का?

नाही, त्यात तथ्य आहे. वय वाढलं की कातडीच्या वरच्या थरातली चरबी कमी होते. हा थर पाणी आत धरून ठेवायचं काम करतो, आणि तो एकदा खरवडला गेला की तरुण माणसापेक्षा म्हाताऱ्या माणसात भरून यायला जास्त वेळ लागतो. बायकांमध्ये पाळी गेल्यानंतर डोक्यातलं नैसर्गिक तेलही लवकर घटतं. पुरुषांमध्ये ते बरंच उशिरा कमी होतं, म्हणून सत्तरीतल्या आण्णांना अजूनही तेलकट कोंडा असू शकतो आणि त्याच वयाच्या काकूंचं डोकं पार कोरडं पडलेलं असू शकतं.

केस दाट असतात तेव्हा ऊन, वारा, कढत पाणी आणि साबण यांचा पहिला मारा केस झेलतात. विरळ झाल्यावर तो सगळा मारा थेट कातडीवर येतो. शाम्पूचं तेच. पूर्वी चमचाभर शाम्पू सगळ्या केसांत पसरायचा. आता तेवढाच शाम्पू उघड्या कातडीवर बसतो. केस निम्मे झाले तरी शाम्पूचं माप तेच ठेवणारे पुष्कळ आहेत.

आम्ही आयुष्यभर अंगाचाच साबण डोक्याला लावला. आता काय बिघडलं?

कातडीचा स्वभाव किंचित आंबट असतो. पीएच साधारण ५ ते ५.५. नेहमीच्या वडीच्या साबणाचा पीएच ९ ते १० च्या आसपास असतो. तरुण कातडी तो फटका थोड्या वेळात सावरते, म्हातारी कातडी तितक्या लवकर सावरत नाही. रोज सकाळी तोच साबण लागला की सावरायला वेळच मिळत नाही.

आपल्याकडे यात बोअरच्या पाण्याची भर पडते. जत, आटपाडी, माण, खटाव या भागांत अनेक घरी बोअरचं पाणी इतकं जड असतं की साबणाला फेसच येत नाही. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून पांढरा, चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला जी राप बसते तीच. तो साका विरळ केसांच्या मुळाशीही बसतो, वाळतो आणि कोंड्यासारखा दिसतो. फेस येत नाही म्हणून माणूस आणखी साबण चोळतो, आणि चक्र सुरू राहतं. शाम्पूचा असा साका होत नाही. म्हणून जड पाण्याच्या गावात साबण सोडून शाम्पूवर येणं, एवढ्या एका बदलाने पुष्कळदा फरक दिसतो. महागडा फिल्टर बसवण्याआधी हे करून बघा.

मग डोकं धुवायचं कसं? सविस्तर सांगा.

पाण्यापासून सुरुवात करू. बंबातलं कढत पाणी थेट डोक्यावर घेण्याची सवय आपल्याकडे फार आहे, विशेषतः सातारा, वाई, महाबळेश्वरकडच्या थंडीत. खाजेवर कढत पाणी पडलं की क्षणभर फार बरं वाटतं, आणि तासाभराने दुप्पट खाज सुटते. पाणी कोमट हवं, अंगाच्या उष्णतेएवढंच. तळहाताने अंदाज घेऊ नका. शेतात काम केलेले हात जाड झालेले असतात आणि मधुमेह असेल तर हाताला गरम नीट कळतही नाही. हाताचा कोपर बुडवून बघा.

खुर्चीवर किंवा भक्कम स्टुलावर बसवा. मान मागे टाकून धुऊ नका. मणक्याचा त्रास असलेल्यांना त्याने चक्कर येते. डोकं किंचित पुढे झुकवा आणि डोळ्यांवर घडी केलेला पंचा धरायला द्या. आधी दोन-तीन तांबे पाण्याने डोकं पूर्ण भिजवा.

शाम्पू चहाच्या एका चमच्याएवढा, म्हणजे ५ मिली, पुरे होतो. दुकानातली छोटी पुडी साधारण तेवढीच असते. टक्कल बरंच असेल तर त्याच्याही निम्मा. तो थेट डोक्यावर ओतू नका. फुलपात्रभर पाण्यात आधी ढवळून घ्या आणि मग बोटांनी लावा, म्हणजे एकाच जागी घट्ट शाम्पू बसत नाही. बोटांची पेरं वापरा, नखं नाही. एक मिनिट हलकेच फिरवलं की झालं. दुसऱ्यांदा शाम्पू लावायची गरज नसते.

खरी मेहनत आहे ती शाम्पू काढण्यात. लावायला एक मिनिट लागला असेल तर काढायला दोन-तीन मिनिटं द्या. सगळ्यात जास्त शाम्पू राहतो तो कानामागे आणि मानेच्या वळीत, आणि नंतर नेमकी तिथेच खाज सुटते. कंडिशनर वापरत असाल तर तो केसांच्या टोकांना लावा. फरशी त्याने निसरडी होते, म्हणून उठवायच्या आधी फरशीवर पाणी मारा.

टॉवेल खसाखसा चोळायचा नाही. मऊ सुती पंचा दाबून पाणी टिपायचं. डोकं अजून ओलसर असतानाच, पाच मिनिटांच्या आत, उघड्या कातडीवर बिनवासाचं पातळ मॉइश्चरायझर लोशन बोटाने लावा. केस असतील तिथे भांग पाडत पाडत थेंब-थेंब सोडा. ग्लिसरीन असलेलं लोशन चालतं. ५ टक्के युरिया असलेलंही चांगलं, फक्त खाजवून ओरखडे उठले असतील तर युरिया झोंबतो. ते भरेपर्यंत थांबा.

किती दिवसांनी धुवायचं?

नुसता कोरडेपणा असेल तर आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा शाम्पू. मधल्या दिवसांत साध्या कोमट पाण्याने डोकं ओलं केलं तरी हरकत नाही. तेलकट कोंडा असेल तर उलट आहे : न धुता पंधरा दिवस ठेवलं तर तो वाढतो, तिथे आठवड्यातून दोन-तीनदा धुणं बरं.

'माइल्ड' शाम्पू म्हणजे नेमका कोणता? सगळ्याच बाटल्यांवर तसं लिहिलेलं असतं.

पुढचं चित्र आणि मोठी अक्षरं सोडा. बाटली उलटी करा आणि घटकांच्या यादीतली पहिली पाच नावं वाचा. जास्त प्रमाणातले घटक यादीत आधी येतात. अक्षरं बारीक असतात, पुडीवर तर फारच, म्हणून मोबाइलवर फोटो काढून मोठा करून बघा.

सोडियम लॉरिल सल्फेट वरच्या चार-पाच नावांत असेल तर ती बाटली कोरड्या, म्हाताऱ्या डोक्यासाठी नाही. सोडियम लॉरेथ सल्फेट त्याच्यापेक्षा सौम्य असतं आणि पातळ करून आठवड्यातून एकदा बहुतेकांना चालतं. डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड, सोडियम कोकोइल आयसेथिओनेट, कोकामिडोप्रोपिल बीटेन ही नावं वर दिसली तर ती सौम्य बाजूला झुकणारी बाटली समजा. यातल्या शेवटच्या बीटेनची काही थोड्या लोकांना ॲलर्जी असते, ते ध्यानात असू द्या.

'सल्फेट फ्री' या शब्दांवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. सल्फेट काढून त्याजागी ओलेफिन सल्फोनेट घातलेले शाम्पू मिळतात. त्यांच्यावर 'सल्फेट फ्री' लिहिणं खोटं नाही, पण कोरड्या कातडीला तेही कडकच पडतात. 'हर्बल' बाटलीतही फेस आणणारा घटक बहुधा तोच असतो, फक्त सोबत ब्राह्मी किंवा आवळ्याचा अर्क जोडलेला असतो.

दुसरं बघायचं ते सुवास. खाजऱ्या डोक्याला बिनवासाचा शाम्पू उत्तम. पुदिना किंवा मेंथॉलने गार वाटतं, पण भेगाळलेल्या कातडीला ते झोंबतं. बेबी शाम्पू बहुतेकदा सौम्य असतात आणि पटकन मिळतात, म्हणून मी ते सुचवतो; मात्र त्यांतही पुष्कळांत सुगंध असतो.

नवा शाम्पू आणलात तर आधी कानामागच्या छोट्या जागेवर पातळ करून लावा, धुवा आणि दोन दिवस वाट बघा. खाज किंवा लाली आली नाही तर मग डोक्यावर.

शिकेकाई आणि रिठा तर निसर्गातलेच. ते चालतील ना?

रिठ्यात सॅपोनिन असतं, तेच फेस आणतं आणि तेच तेल काढतं. घट्ट काढा लावला तर रिठा शाम्पूपेक्षा जास्त कोरडं करतो आणि डोळ्यांत गेला तर फार झोंबतो. शिकेकाई त्यामानाने मवाळ. पण दोन्हींचा खरा त्रास असतो तो भुकटीचा. जाडसर पूड विरळ केसांतल्या उघड्या कातडीवर चोळली की बारीक ओरखडे उठतात. वापरायचीच असेल तर शिकेकाई रात्री भिजवा, सकाळी उकळून फडक्याने गाळा आणि पातळ पाणी तेवढं घ्या. चोथा डोक्याला लावू नका.

रोज तेल थापलं की खाज थांबते, असं सासूबाईंचं म्हणणं आहे.

कोरडेपणात थोडं तेल उपयोगी पडतं, यात त्या चुकत नाहीत. चमचाभर खोबरेल धुण्याआधी तासभर लावलं तर शाम्पूचा मारा कमी होतो. पण कोंडा असेल तर रात्रभर तेल ठेवणं म्हणजे त्याला खतपाणी. कोंड्याशी संबंधित मॅलेसिझिया ही बुरशी तेलातल्या स्निग्ध आम्लांवरच वाढते. खाज तात्पुरती दबते, पापुद्रे तेलाने चिकटून दिसेनासे होतात आणि चार दिवसांनी दुप्पट निघतात. मोहरीचं तेल कोरड्या कातडीला टाळा, ते तिचा वरचा थर आणखी बिघडवतं. कापूर घातलेलं तेलही नको.

एखादं उदाहरण सांगाल का, काय बदललं आणि किती दिवसांत?

विट्याकडच्या एक आजी. वय सत्तरीच्या पुढे, भांग रुंदावलेला, डोक्याला रात्री इतकी खाज की उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके. त्यांची सून दुकानात आली ती कोंड्याचा शाम्पू मागायला. आधीचा महिनाभर रोज लावून संपला होता. विचारल्यावर कळलं : बोअरचं पाणी, बंबातली कढत आंघोळ, अंगाचाच साबण, वरून रोज रात्री तेल, आणि शेवटी हा कोंड्याचा शाम्पू.

मी त्यांना भांगाचा आणि कानामागचा फोटो पाठवायला सांगितला. भांगात कोरडी भुकटी आणि ओरखडे होते. कानामागे पिवळट, चिकट पापुद्रे. म्हणजे दोन्ही.

पहिले पंधरा दिवस फक्त काढून घेण्याचे होते. साबण बंद, कोंड्याचा शाम्पू बंद, रात्रीचं तेल बंद. पाणी कोमट. आठवड्यातून दोनदा सौम्य शाम्पू, एक चमचा, फुलपात्रभर पाण्यात. धुतल्यावर भांगात बिनवासाचं लोशन. नखं कापली, आणि झोपताना हाताशी ओला, गार पंचा : खाज आली की खाजवायचं नाही, तो दाबून धरायचा.

दहाएक दिवसांत रात्रीची खाज उतरली, अभ्र्यावरचे ठिपके थांबले. भांग भरून आला. कानामागचे पापुद्रे मात्र जसेच्या तसे राहिले, आणि ते राहणारच होते, कारण तो भाग कोरडा नव्हता. तिथे सौम्य शाम्पूचं काम संपलं. त्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्या. त्यांनी २ टक्के केटोकोनॅझोलचा शाम्पू दिला : आठवड्यातून दोनदा, फक्त कानामागे आणि मानेवर, पाच मिनिटं ठेवून धुवायचा, चार आठवडे. लावून लगेच धुतला तर त्याचा उपयोग होत नाही. 'औषधी शाम्पूचा गुण येत नाही' म्हणणाऱ्या पुष्कळांचं पाच मिनिटांचं गणितच चुकलेलं असतं. भांगाला मात्र तोच सौम्य शाम्पू चालू राहिला.

केस काळे करतो. त्याने खाज येत असेल का?

येऊ शकते, आणि वर्षानुवर्षं काहीही न होता एके दिवशी अचानक सुरू होऊ शकते. काळ्या रंगात पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याची ॲलर्जी रंग लावल्याबरोबर दिसत नाही, एक ते तीन दिवसांनी उठते : कानाच्या पाळ्या, कपाळाची कड, मान, कधी पापण्याही सुजतात. त्यामुळे रविवारच्या कलपाचा दोष मंगळवारच्या शाम्पूवर जातो. 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या पुड्यांतही पुष्कळदा हेच रसायन असतं. नुसती मेंदी केस तांबूस करते, काळे नाही. काळं झालं की काहीतरी मिसळलेलं आहे. पापण्या सुजल्या तर पुन्हा कधीच तो रंग लावू नका आणि डॉक्टरांना दाखवा.

आबा केसवाढीचं मिनॉक्सिडिल लावतात. खाज त्याची असेल?

शक्य आहे. पातळ मिनॉक्सिडिलमध्ये प्रॉपिलिन ग्लायकॉल असतं आणि त्याने बऱ्याच जणांना खाज आणि भुकटी येते. फेसाच्या रूपात मिळणाऱ्या मिनॉक्सिडिलमध्ये ते नसतं. डॉक्टरांना विचारून बदलता येतं.

मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणली तर?

आणू नका, आणि आमच्या धंद्यातल्या मंडळींनीही ती न विचारता देऊ नये. खाज, बुरशी, जंतू सगळ्यांवर एकच म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्र मलमांत बहुधा क्लोबेटासोलसारखं जोरदार स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत आराम पडतो, म्हणूनच लोक ती परत मागतात. महिनोन्महिने लावलं की म्हातारी कातडी आणखी पातळ होते, बुरशी असेल तर झाकली जाते, आणि बंद केल्यावर खाज उसळते. डॉक्टरांनी स्टिरॉइडचं लोशन दिलं तर ठरलेल्या दिवसांसाठी जरूर वापरा. त्याला जागा आहे.

लिंबू, कांद्याचा रस, खाण्याचा सोडा यांबद्दलही रोज विचारणा होते. तिन्ही नकोत. सांगलीची हळदही दुधात बरी, ओरखडलेल्या डोक्यावर नको.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

साबण, कढत पाणी आणि तेल बंद करून तीन-चार आठवडे झाले तरी फरक नसेल तर. जाड, चंदेरी खपल्या केसांच्या कडेबाहेर कपाळावर येत असतील तर; तो सोरायसिस असू शकतो. केस तुटून गोल चट्टा पडला, पू आला, किंवा टकलावर एखादी खरखरीत जागा किंवा न भरणारी जखम महिनाभर राहिली तर. डोकं स्वच्छ दिसतं पण खाज सगळ्या अंगाला आहे, असं असेल तर रक्त तपासावं लागतं. थायरॉइड, मूत्रपिंड, यकृत, लोहाची कमतरता यांपैकी काही निघू शकतं, आणि त्यावर कोणताही शाम्पू चालत नाही.

दोन गोष्टींत थांबायचं नाही. डोक्याच्या एकाच बाजूला आग आणि मग पाण्याचे फोड, म्हणजे नागीण; ती कपाळावर किंवा डोळ्याजवळ आली तर त्याच दिवशी दाखवा. आणि पन्नाशीपुढच्या माणसाचं डोकं कंगवा लावताना दुखतं, कानशील ठणकतं, चावताना जबडा भरून येतो किंवा अंधूक दिसतं, तर ती खाज नव्हे. कानशिलातल्या रक्तवाहिनीची सूज असू शकते आणि त्यात दृष्टी जाऊ शकते; तातडीने दवाखाना गाठा.

खाजगी तज्ज्ञ परवडत नसतील तर मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. जाताना डोक्याला तेल किंवा रंग लावून जाऊ नका, खाली काय आहे ते दिसत नाही. घरात वापरलेला साबण, शाम्पू, तेल, कलप आणि सगळ्या ट्यूबा एका पिशवीत घालून न्या. रिकाम्या झालेल्या ट्यूबाही न्या.